गर्दीत ‘मी’ कुठे जातो? व्यक्तिभान-लोप, निनावीपणा, आक्रमकता आणि मदत यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘व्यक्तिभान-लोप’ म्हणजे नेमके काय?

एरवी आपण काहीही करतो तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात स्वतःवर नजर असते. मी कोण, मला कोण ओळखते, हे घरी कळले तर काय, मला स्वतःला हे पटते का, असे प्रश्न शब्दांत न येताही हात आवरत असतात. मोठ्या जमावात, गणवेशात, मुखवट्याआड किंवा अंधारात ही नजर मंदावते आणि माणूस स्वतःकडे ‘अमुक नावाची व्यक्ती’ म्हणून पाहणे थांबवतो. मानसशास्त्रात या अवस्थेला डीइंडिव्हिज्युएशन म्हणतात. या पानावर तिच्यासाठी ‘व्यक्तिभान-लोप’ हा शब्द वापरला आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. निनावीपणा ही बाहेरची परिस्थिती आहे, म्हणजे लोकांना मी ओळखू येत नाही. व्यक्तिभान-लोप ही आतली अवस्था आहे, म्हणजे मलाच माझा वेगळेपणा जाणवत नाही. पहिलीतून दुसरी निर्माण होते, असे जुन्या सिद्धान्ताने धरून चालले होते. पुढच्या संशोधनातला बराचसा वाद ही साखळी खरोखर अशी जुळते का, आणि जुळली तरी तिच्या शेवटी हिंसाच असते का, यावर आहे.

ही कल्पना आली कुठून?

गुस्ताव ल बों या फ्रेंच लेखकाने 1895 मध्ये गर्दीच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. गर्दीत शिरताच माणूस संस्कृतीच्या शिडीवरून कित्येक पायऱ्या खाली उतरतो, त्याची बुद्धी झाकोळते आणि भावनांचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो, असे त्याचे म्हणणे होते. पॅरिसच्या रस्त्यांवर उठाव पाहिलेल्या आणि त्यांची भीती बाळगणाऱ्या वर्गातील हा माणूस होता, हे त्याला वाचताना विसरू नये. पुढे 1952 मध्ये लिऑन फेस्टिंगर, अल्बर्ट पेपिटोन आणि थिओडोर न्यूकम यांनी व्यक्तिभान-लोप हा शब्द रूढ केला, आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस फिलिप झिम्बार्डो यांनी तो प्रयोगशाळेत आणला.

झिम्बार्डो यांचा डोके झाकण्याचा प्रयोग काय होता?

न्यूयॉर्क विद्यापीठातील विद्यार्थिनींना चौघींच्या गटांत बोलावले गेले. काही गटांना ढगळ पांढरे कोट आणि डोके-चेहरा झाकणाऱ्या टोप्या दिल्या, खोलीत उजेड मंद ठेवला आणि कोणालाही नावाने हाक मारली नाही. इतर गटांतील मुलींच्या छातीवर मोठ्या अक्षरांत नावाची चिठ्ठी लावली आणि त्यांना नावानेच संबोधले. काम एकच होते. एकतर्फी काचेतून दिसणाऱ्या दोन स्त्रियांना बटण दाबून विजेचा धक्का द्यायचा. त्यांपैकी एक गोड स्वभावाची आणि दुसरी तिरसट असल्याचे आधी ऐकवलेले असे. प्रत्यक्षात धक्का कोणालाच बसत नव्हता, समोरच्या स्त्रिया कळवळण्याचा अभिनय करत होत्या.

चेहरा झाकलेल्या मुलींनी जवळपास दुप्पट वेळ बटण दाबून धरले. मला यातला दुसरा निष्कर्ष अधिक बोलका वाटतो. नाव लावलेल्या मुली गोड बाई आणि तिरसट बाई यांत फरक करत होत्या, चेहरा झाकलेल्या मुली तो करेनाशा झाल्या. त्यांनी धक्का दिला तो समोरच्या बाईच्या स्वभावामुळे नव्हे, तर हाताशी बटण होते म्हणून. हा निकाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत ‘निनावीपणा म्हणजे क्रौर्य’ हे समीकरण पक्के बसले.

मग ते समीकरण चुकीचे कसे?

पहिली शंका झिम्बार्डो यांच्याच कामातून आली. हाच प्रयोग बेल्जियमच्या सैनिकांवर केला तेव्हा निकाल उलटा लागला आणि डोके झाकलेल्या सैनिकांनी कमी धक्के दिले. सैनिक मुळातच गणवेशात, तुकडीचा भाग म्हणून आलेले होते. डोक्यावर टोपी चढवल्यावर ते आपल्या तुकडीपासून तुटले, एकटे पडले आणि स्वतःविषयी अधिक सावध झाले असावेत. याचा अर्थ असा की चेहरा झाकल्याने काय होईल हे झाकण्यापूर्वी तो माणूस कोण म्हणून वावरत होता यावरही अवलंबून असते.

दुसरी शंका कपड्याविषयीची होती. पांढरा झगा आणि टोकदार टोपी पाहून अमेरिकन माणसाला कू क्लक्स क्लॅन ही कृष्णवर्णीयांना जाळणारी, फासावर चढवणारी संघटना आठवणारच. मग धक्के वाढले ते चेहरा झाकल्यामुळे की क्लॅनचा वेश चढवल्यामुळे? रॉबर्ट जॉन्सन आणि लेस्ली डाउनिंग यांनी 1979 मध्ये हा गुंता सोडवला. त्यांनी साठ स्त्रियांपैकी काहींना क्लॅनसारखे दिसणारे झगे दिले आणि काहींना परिचारिकांचे झगे. क्लॅनसारखा झगा देताना, आपल्याला शिवण नीट जमत नाही म्हणून तो तसा दिसतो आहे, अशी थाप प्रयोगकर्त्याने मारली, आणि परिचारिकांचा झगा रुग्णालयाकडून उसना मिळाल्याचे सांगितले. दोन्ही वेशांत निम्म्या जणींना आपले छायाचित्र आणि नाव इतरांना दिसणार असे सांगितले गेले, उरलेल्यांना ओळख लपलेली राहील असे.

प्रत्येकीला एका अनोळखी व्यक्तीच्या चुकीनंतर धक्क्याची पातळी वाढवायची किंवा घटवायची मुभा होती. निनावीपणाचा स्वतंत्र असा कोणताही एकसारखा परिणाम दिसला नाही. वेशाचा परिणाम मात्र ठळक होता. परिचारिकेच्या झग्यात ओळख लपल्यावर स्त्रिया अधिक दयाळू झाल्या आणि ही वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली. क्लॅनच्या झग्यात ओळख लपल्यावर कठोरपणा किंचित वाढला, पण तो कसोटीला उतरण्याइतका नव्हता. निनावीपणा हा आवाज मोठा करणारा भोंगा आहे. त्यातून शिवी जाईल की अभंग, हे भोंगा ठरवत नाही.

मुलांवर केलेला मिठाईचा प्रयोग याच्याशी कसा जुळतो?

अमेरिकेत 31 ऑक्टोबरला हॅलोवीनच्या रात्री मुले सोंगे घेऊन दारोदार मिठाई मागत फिरतात. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटल शहरातील 27 घरांत या प्रथेचा प्रयोगशाळेसारखा उपयोग केला. त्यांनी 1,352 मुलांचे निरीक्षण केले आणि निष्कर्ष 1976 मध्ये प्रसिद्ध झाले.

एका घराच्या बैठकीत काय घडे ते पाहू. दार उघडते, समोर मुखवटे लावलेली मुले. यजमान बाई त्यांना आत घेते आणि टेबलावरच्या वाडग्यातून प्रत्येकी एकच चॉकलेट घ्या असे सांगते. शेजारी सुट्ट्या नाण्यांचाही एक वाडगा आहे, त्याविषयी ती काही बोलत नाही. मग आतल्या खोलीत काम असल्याचे सांगून ती निघून जाते. कोपऱ्यातल्या सजावटीच्या पडद्याला बारीक भोक आहे आणि त्यामागे बसलेला निरीक्षक कोण किती उचलतो ते टिपतो आहे. काही घरांत बाई आधी प्रत्येकाला नाव आणि राहण्याचे ठिकाण विचारते आणि ते मोठ्याने उच्चारते. मुखवटा तसाच राहतो, पण त्याच्या आडचे मूल आता निनावी उरत नाही.

नाव विचारलेल्या, एकट्याने आलेल्या मुलांपैकी 7.5 टक्क्यांनी जास्तीचे काही उचलले. एकटेच, पण नाव न विचारलेल्यांत हे प्रमाण 21.4 टक्के होते. नाव विचारलेल्या टोळक्यातील मुलांत 20.8 टक्के. टोळके आणि निनावीपणा दोन्ही एकत्र आले तिथे 57.2 टक्के. एकट्या निनावीपणाने आणि एकट्या टोळक्याने जवळपास सारखीच वाढ केली, दोन्ही मिळून मात्र झेप घेतली. काही टोळक्यांत बाईने सर्वांत लहान मुलाकडे बोट दाखवून, चॉकलेट कमी भरले तर जबाबदार हा, असेही सांगितले. जबाबदारी अशी दुसऱ्याच्या डोक्यावर गेल्यावर उचलेगिरी आणखी वाढली.

आता या आकड्यांत एक खोच आहे. टोळक्यातल्या पहिल्या मुलाने जास्तीचे उचलले की मागचेही उचलत, आणि पहिल्याने एकच घेतले तर मागचेही बरेचदा आवरत. म्हणजे टोळक्यातली मुले भान हरपलेली नव्हती, उलट ती एकमेकांकडे अगदी बारकाईने पाहत होती. हरपली होती ती बाईची आणि घरच्यांची नजर. तिच्या जागी सवंगड्यांची नजर आली, आणि या रात्री, या खोलीत काय चालते, ते आता पहिले मूल ठरवत होते.

आजचा सिद्धान्त काय म्हणतो?

स्टीफन रायशर, रसेल स्पिअर्स आणि टॉम पोस्टमीस यांनी 1990 च्या दशकात मांडलेले म्हणणे सोप्या शब्दांत असे आहे: गर्दीत माणूस ‘मी’ हरवत नाही, तो ‘मी’ वरून ‘आम्ही’ वर सरकतो. माझ्या वैयक्तिक सवयी आणि मते मागे पडतात आणि ‘आमच्यासारख्यांनी’ येथे काय करावे हा विचार पुढे येतो. चेहरे दिसत नसतील तर माणसामाणसांतले फरकही दिसत नाहीत, आणि मग ‘आम्ही’ची पकड आणखी घट्ट होते. पोस्टमीस आणि स्पिअर्स यांनी 1998 मध्ये साठ अभ्यासांची एकत्र छाननी केली. निनावी माणसे नियम मोडतात या जुन्या गृहीतकाला तीत फारसा आधार मिळाला नाही. उलट माणसे त्या क्षणी, त्या गटात लागू असलेल्या नियमांना अधिक चिकटून वागतात असे आढळले. समाजाचा सर्वसाधारण नियम आणि जमावाचा तात्कालिक नियम वेगळे असले की बाहेरून पाहणाऱ्याला ते बेभान वागणे वाटते, एवढेच.

पण दंगलीत तर जमाव आंधळाच असतो ना?

हे तपासण्यासाठी ब्रिस्टल शहरातील सेंट पॉल्स भागाची दंगल अभ्यासली गेली, ती 2 एप्रिल 1980 ची. पोलिसांनी दुपारी ब्लॅक अँड व्हाइट कॅफेवर छापा घातला. हे कॅफे कृष्णवर्णीय वस्तीतल्या लोकांच्या उठण्याबसण्याच्या मोजक्या जागांपैकी एक होते. दगडफेक सुरू झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, आणि संध्याकाळी पोलिसांनी तो भाग सोडून काही तास माघार घेतली.

स्टीफन रायशर यांनी सहभागी झालेल्या लोकांशी बोलून घटनाक्रम जुळवला तेव्हा जे दिसले ते आंधळेपणाच्या वर्णनात बसत नव्हते. दगड पोलिसांवर पडत होते, आणि ते फेकण्यात अनेक जण सामील होत होते. एका बसची काच फुटली तेव्हा मात्र भोवतालच्या लोकांनी नाके मुरडली, फेकणाऱ्याला मूर्ख ठरवले आणि कोणी त्याचे अनुकरण केले नाही. बँक जळाली, पण राहती घरे वाचली. पोलीस वस्तीच्या सीमेपलीकडे गेले तिथे जमावाने पाठलाग थांबवला. पोलीस गेल्यावर काही जणांनी चक्क वाहतूक सुरळीत चालवली.

यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की या लोकांपैकी पुष्कळजण एकमेकांना ओळखत होते. ते निनावी होते ते पोलिसांसाठी, आपसांत नव्हे. ‘गर्दी निनावी असते’ असे म्हणताना ‘कोणाला?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. बाहेरच्यापासून लपलेपण शिक्षेची भीती घटवते. आतल्यांना दिसत असणे मात्र त्यांच्या नियमाप्रमाणे वागण्याचा दाब वाढवते. एकाच वेळी दोन्ही चालू असतात.

हे सांगण्यात हिंसेचे समर्थन नाही. नियम असलेला जमाव अनेकदा बेभान जमावापेक्षा अधिक धोकादायक असतो.

मुलेचोरीच्या अफवेतून झालेल्या जमावहत्यांना हे लागू पडते का?

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी, रविवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारण्यात आले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. व्हॉट्सअ‍ॅपवरील अफवांनी आधीच परिसर धास्तावलेला होता. मारहाण ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली आणि तिचे चित्रीकरण झाले.

या घटनेत टोप्या नव्हत्या, मुखवटे नव्हते, अंधार नव्हता. निनावीपणाने हिंसा घडते असे म्हणणाऱ्याला येथे अडखळावे लागते, कारण मोबाइल समोर धरलेला असताना माणूस स्वतःची ओळख लपवत नसतो. बाजारात अनेक पाड्यांचे लोक एकत्र आल्याने थोडासा निनावीपणा असेलही, पण मुख्य काम अफवेने केले असे मला वाटते. अफवेने ‘आम्ही’ म्हणजे लेकरांचे राखणदार आणि ‘ते’ म्हणजे चोर अशी वाटणी आधीच करून ठेवली होती. एकदा ती झाली की मारणे हा गुन्हा न वाटता कर्तव्य वाटू लागते, आणि कर्तव्य करणारा तोंड झाकत नाही. अशा वेळी चित्रीकरण होते आहे हा इशारा जमावाला आवरत नाही. ते पुढे पोलिसांना ओळख पटवण्यासाठी उपयोगी पडते, पण त्या क्षणी नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ती निनावीपणावर नसून ‘आम्ही’ जमण्याच्या वेगावर घातलेली मर्यादा होती.

गर्दी जितकी मोठी तितकी क्रूर, हे खरे आहे का?

काही प्रमाणात. लिऑन मान यांनी 1981 मध्ये, उंचावरून उडी मारण्याच्या बेतात असलेल्या माणसाभोवती जमलेल्या गर्दीच्या 21 घटना वृत्तपत्रांतून गोळा केल्या. त्यांपैकी 10 घटनांत खालून त्याला उडी मारण्यासाठी डिवचले गेले होते. असे घडले ते गर्दी तीनशेच्या वर असताना, अंधार पडल्यावर आणि गर्दी व तो माणूस यांच्यात अंतर असताना अधिक. तथापि 21 हा आकडा लहान आहे, आणि ज्या घटनांत गर्दी शांत राहिली त्या वृत्तपत्रांत छापल्याच गेल्या नसण्याची शक्यता मोठी आहे.

लोक गर्दीत मदतीला धावत नाहीत, तेही व्यक्तिभान-लोपामुळेच का?

नाही. ही सर्वांत जास्त आढळणारी गफलत आहे. मदत न करण्यामागे बहुतेकदा जबाबदारीची वाटणी असते: एवढे लोक आहेत, कोणीतरी करेलच. त्यासाठी स्वतःचे भान हरपावे लागत नाही. किंबहुना ‘आपण चुकीचे समजलो तर हसे होईल’ ही भीती अनेकांना जागीच खिळवते, आणि ही भीती म्हणजे स्वतःविषयीचे जादा भान आहे.

जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी 1968 मध्ये ही वाटणी मोजली. वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना पलीकडच्या एकाला अपस्माराचा झटका आल्याचे ऐकू येई. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के झटका संपण्याआधी मदतीसाठी उठले. आणखी एक ऐकणारा आहे असे वाटले तेव्हा 62 टक्के, आणि आणखी चार जण आहेत असे वाटले तेव्हा 31 टक्के. जे उठले नाहीत ते निवांत बसले नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते.

हा प्रयोग ज्या खुनाच्या बातमीतून सुचला ती 1964 मधील न्यूयॉर्कच्या किटी जेनोव्हीज यांची होती. अडतीस साक्षीदार खिडकीतून पाहत राहिले आणि कोणी हलले नाही, अशी ती कहाणी जगभर गेली. पुढच्या तपासणीत ती टिकली नाही. इतके प्रत्यक्षदर्शी नव्हते, आणि अखेरच्या क्षणी एक शेजारीण त्यांच्याजवळ धावली होती. प्रयोग खरा आहे, त्याला जन्म देणारी गोष्ट मात्र फुगवलेली होती.

मग गर्दीत मदत कधी वाढते?

‘आम्ही’ मध्ये समोरचा बसतो तेव्हा. इंग्लंडमध्ये मार्क लीव्हाइन आणि सहकाऱ्यांचा 2005 चा अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्या विद्यार्थ्यांना एकेकट्याने बोलावून त्यांच्याकडून आपल्या संघाविषयी प्रश्नावली भरून घेतली आणि दुसऱ्या इमारतीत चित्रफीत पाहायला जा असे सांगितले. वाटेत एक धावणारा तरुण उतारावर घसरून पडतो आणि घोटा धरून विव्हळतो. तो अर्थातच संशोधकांचा माणूस होता. त्याच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा शर्ट असताना 13 पैकी 12 जण थांबले. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा शर्ट असताना 10 पैकी 3. साधा शर्ट असताना 12 पैकी 4.

नंतर प्रयोग पुन्हा केला, पण आता प्रश्नावली संघाविषयी नव्हती, फुटबॉलप्रेमी असण्याविषयी होती. या वेळी लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्याला 10 पैकी 7 जणांनी मदत केली, मँचेस्टरवाल्याला 10 पैकी 8, आणि साध्या शर्टवाल्याला 9 पैकी फक्त 2. दोन्ही वेळी तोच उतार होता आणि पडणाराही कोणाच्या ओळखीचा नव्हता. ‘आम्ही’ची रेघ जरा बाहेर सरकवली आणि कालचा शत्रू आत आला. साधा शर्ट घातलेला मात्र दोन्ही वेळा रेघेबाहेरच राहिला, हे या प्रयोगाचे कडू टोक आहे.

लंडनमध्ये 7 जुलै 2005 रोजी भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले तेव्हा वाचलेल्यांनी जॉन ड्ररी आणि सहकाऱ्यांना सांगितलेले अनुभव याच दिशेचे आहेत: रोज एकमेकांकडे न पाहणारे प्रवासी धुराने भरलेल्या बोगद्यात एकमेकांचे झाले. मुंबईकरांना यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. 26 जुलै 2005 च्या प्रलयात, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री, रस्त्यांवर अडकलेल्यांना बिस्किटे आणि चहा देणाऱ्या हातांची नावे कोणी विचारली नव्हती आणि घेणाऱ्यांनीही आपली सांगितली नव्हती. वारीतही हेच दिसते. पंढरीच्या वाटेवर समोरच्याचे नाव, गाव, जात न विचारता ‘माऊली’ म्हणून हाक मारतात. नाव गळून पडते ते तिथेही, फक्त त्या जागी आलेला नियम पाया पडण्याचा आणि पाणी देण्याचा असतो. वारीविषयीचे हे माझे निरीक्षण आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

खऱ्या रस्त्यावर, प्रयोगाबाहेर, लोक मध्ये पडतात का?

बहुतेकदा पडतात. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन येथील सार्वजनिक सीसीटीव्हीतील 219 भांडणांचे चित्रीकरण पाहिले. सुमारे 91 टक्के घटनांत किमान एक तरी बघ्या मध्ये पडला, कोणी हात धरला, कोणी दोघांच्या मध्ये उभा राहिला. बघे जितके अधिक, तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता अधिक होती.

हे डार्ली-लाटाने यांच्या विरुद्ध वाटते, पण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. त्यांनी विचारले होते की एका माणसाची उठण्याची शक्यता गर्दीमुळे किती घटते. सीसीटीव्हीने विचारले की पीडिताला कोणाकडून तरी मदत मिळते का. प्रत्येकाची शक्यता थोडी घटली तरी डोकी वाढल्याने एकूण शक्यता वाढू शकते. शिवाय भांडण डोळ्यांसमोर असते आणि बघे एकमेकांना पाहू शकतात. ध्वनिक्षेपकावर नुसता आवाज ऐकणाऱ्याला दोन्ही सोयी नव्हत्या.

या अभ्यासांवर किती विसंबावे?

बेताने. विजेच्या धक्क्याचे प्रयोग काही डझन विद्यार्थ्यांवर झाले, आणि प्रयोगशाळेत बटण दाबणे म्हणजे रस्त्यावर माणसाला मारणे नव्हे. शर्टचा प्रयोग तर दहा-तेरा जणांच्या गटांवर उभा आहे. मिठाईच्या प्रयोगात संख्या मोठी होती, पण टोळक्याने येणारी आणि एकट्याने येणारी मुले मुळातच वेगळ्या स्वभावाची असू शकतात. दंगलीचे अभ्यास सहभागींच्या आठवणींवर चालतात, आणि दंगलीनंतर कोणीही स्वतःला विवेकशून्य म्हणवून घेत नाही. एवढे मात्र म्हणता येते की अगदी वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली ही कामे एकाच दिशेला बोट दाखवतात: झाकलेला चेहरा कारण कमी आणि वाढवणारा घटक जास्त असतो.

जबाबदारी विखुरते, तर ती गोळाही करता येते का?

याचे उत्तर टॉम मोरियार्टी यांच्या 1975 च्या प्रयोगात आहे. न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर एक माणूस चादरीवर रेडिओ ठेवून शेजारी बसलेल्याकडे वळे. कधी तो फक्त काडीपेटी किंवा वेळ विचारे, कधी ‘माझ्या सामानावर जरा लक्ष ठेवाल का’ असे म्हणे, आणि निघून जाई. थोड्याच वेळात दुसरा माणूस येऊन रेडिओ उचलून चालू लागे. नुसती विचारपूस झालेल्या 20 पैकी 4 जण उठले. लक्ष ठेवायला सांगितलेल्या 20 पैकी 19 जण उठले, काही जण वाळूतून धावत गेले आणि चोराचा हात धरून त्याला जाब विचारू लागले. गर्दी तीच होती, ऊन तेच होते, आणि कोणी कोणाचे नाव विचारले नव्हते.